रोज किती प्रश्न सोडवायचे आणि पुस्तक कधी मिटायचं?

अहिल्यानगरच्या कुठल्याही अभ्यासिकेत दोन प्रकारची मुलं भेटतात. एकाचं लक्ष्मीकांत आणि कोळंबे यांचं तिसरं वाचन चालू असतं, पण अजून एकही प्रश्नपत्रिका उघडलेली नसते. दुसरा रोज दोनशे प्रश्न मारतो आणि तरीही त्याचे गुण हलत नाहीत. दोघांचीही गफलत एकाच ठिकाणी आहे. प्रश्न हे अभ्यास संपल्यावर द्यायच्या परीक्षेचं सामान आहे, असं पहिल्याला वाटतं. प्रश्न सोडवला म्हणजे अभ्यास झाला, असं दुसऱ्याला वाटतं.

इथे आपण एमपीएससीच्या गट-ब आणि गट-क सेवांच्या संयुक्त पूर्व परीक्षा डोळ्यांसमोर ठेवू, कारण जिल्ह्यातली बरीच मुलं त्यांच्याच तयारीत असतात. प्रत्येकीत शंभर प्रश्न, शंभर गुण, एक तास. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, आणि त्यातच उत्तरपत्रिकेवरचा गोलही रंगवायचा. चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचा गुण गेला.

वाचलेलं आणि विचारलेलं

मुळा धरण राहुरी तालुक्यात आहे आणि भंडारदरा अकोले तालुक्यात, हे इथल्या मुलाला पुस्तक न उघडताही माहीत असतं. पण आयोग असं सरळ विचारतोच असं नाही. तीन विधानं येतात: मुळा ही प्रवरेची उपनदी आहे, मुळा धरण राहुरी तालुक्यात आहे, भंडारदरा धरण मुळा नदीवर आहे. यांपैकी अयोग्य कोणतं? तिसरं, कारण भंडारदरा प्रवरेवर आहे. माहिती जवळ असूनही इथे माणूस अडतो, कारण नद्या आणि धरणं त्याने वेगवेगळी वाचलेली असतात, एकमेकांशी ताडून पाहिलेली नसतात. हे ताडून पाहणं चौथ्या वाचनानेही येत नाही, पण पंधरा-वीस प्रश्नांत येतं. म्हणून प्रकरण एकदा नीट वाचून झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्यावरचे आयोगाचे जुने प्रश्न घ्यावेत. सगळं पुस्तक संपायची वाट पाहू नये.

वळायचं कधी

वळण प्रत्येक विषयाचं वेगळं येतं. ‘एक तारखेपासून फक्त प्रश्न’ ही घोषणा भिंतीवर छान दिसते, एवढंच.

माझा ठोकताळा असा आहे. एका प्रकरणावरचे वीस प्रश्न सोडवा आणि फक्त खात्रीने बरोबर आलेले मोजा. तुक्क्याने लागलेले सोडून द्या. आठच्या आत असाल तर पुन्हा पुस्तकाकडे जा. आठ ते चौदाच्या मध्ये असाल तर निम्मा वेळ वाचन, निम्मा प्रश्न. चौदाच्या पुढे गेलात की त्या प्रकरणाचं वाचन थांबवा आणि पुस्तक फक्त चुकलेलं शोधायला उघडा.

या आकड्यापेक्षाही महत्त्वाचं आहे ते चूक होण्याचं कारण. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: ‘वाचलंच नव्हतं’, ‘वाचलं होतं, आठवलं नाही’, ‘प्रश्न नीट वाचला नाही’. पहिला शेरा जास्त असेल तर तुम्ही प्रश्नांकडे लवकर वळलात. दुसरा जास्त असेल तर तुम्हाला आणखी वाचन नको, प्रश्नच हवेत. तिसरा शेरा बहुतेक वेळा ‘योग्य’च्या जागी ‘अयोग्य’ असलेल्या प्रश्नांवर पडतो. त्याला उपाय सरावाचाच, पण घड्याळ लावून.

अंकगणित आणि बुद्धिमापनाला हा हिशेब लागू नाही. तिथे पहिल्या दिवसापासून प्रश्नच, रोज पंधरा-वीस, एकही दिवस न चुकवता. चालू घडामोडींचं उलटं आहे. त्यांचे प्रश्न फार आधी सोडवून हाती काही लागत नाही, ते परीक्षा जवळ आल्यावर घ्यावेत.

आकडा ठरतो तपासणीवरून

रोजचे प्रश्न किती, याचं उत्तर सोडवायच्या वेगात नाही. तपासायला किती वेळ लागतो, त्यात आहे.

समजा पाथर्डीहून येऊन नगरमध्ये खोली करून राहिलेली एक मुलगी आहे आणि प्रश्नांसाठी तिच्याकडे दिवसाला अडीच तास आहेत. तिने पन्नास प्रश्न चाळीस मिनिटांत सोडवले. चोवीस खात्रीने बरोबर आले, आठ तुक्क्याने लागले, अठरा चुकले. खात्रीच्या उत्तरांवर नजर फिरवायला सहा-सात मिनिटं पुरतात. पण तुक्क्याचे आणि चुकलेले मिळून सव्वीस झाले. प्रत्येकी पुस्तकातली जागा शोधणं, चारही पर्याय का बरोबर किंवा का चूक हे पाहणं आणि वहीत एक ओळ लिहिणं, याला चार मिनिटं धरली तरी पावणेदोन तास होतात. अडीच तास संपले. तिचा आजचा आकडा पन्नास. तिने शंभर सोडवले असते तर तपासायच्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त तसेच राहिले असते आणि तीच चूक पुढच्या आठवड्यात पुन्हा झाली असती.

महिना-दीड महिन्याने तपासायचे प्रश्न पन्नासात बारावर आले, तर त्याच अडीच तासांत पंचाहत्तर प्रश्न बसतात. आकडा असा आपोआप वाढावा. शेजारच्या टेबलावरचा मित्र दोनशे करतो म्हणून वाढवू नये. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत शंभर गुणांना नव्वद मिनिटं असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत. तिथे तुक्क्याचा धोका नाही, पण तपासणीचा हिशेब तोच.

फसवे गुण

बाजारातल्या प्रश्नसंचांत तेच प्रश्न शब्द बदलून फिरतात. तिसऱ्या संचात ऐंशी गुण पडले की मुलं खूश होतात, पण ते पाठांतराचे गुण असतात. खरी परीक्षा एकच: न पाहिलेली, आयोगाची पूर्ण प्रश्नपत्रिका, साठ मिनिटं, कोऱ्या उत्तरपत्रिकेवर गोल रंगवत. तिथे साठच पडले, तर तुमची पातळी साठच.

उत्तरं ताडताना आयोगाची अंतिम उत्तरतालिका घ्या, पहिली नको. हरकतींनंतर काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात, आणि खासगी पुस्तकांत जुनीच उत्तरं छापलेली राहू शकतात.

शेवटच्या महिन्यात पूर्ण प्रश्नपत्रिका आठवड्याला दोन पुरतात. एक सोडवायचा दिवस, पुढचा तपासायचा. शेवटच्या आठवड्यात नवे प्रश्न जवळजवळ बंद करून चुकांची वही वाचावी. ज्यांची वहीच नाही, ते याच आठवड्यात पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे धावताना दिसतात.

आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या आजच उतरवून घ्या, आणि त्यांतल्या सर्वांत अलीकडच्या दोन प्रश्नपत्रिका परीक्षेच्या आधीचा महिना येईपर्यंत उघडूही नका.