राखीव, तरतूद आणि संभाव्य देणी: ताळेबंद मराठीत आणताना

महाराष्ट्रातल्या लहान भागधारकाला ताळेबंद नवा नसतो. गावची पतसंस्था, नागरी सहकारी बँक, साखर कारखाना यांचे वार्षिक अहवाल मराठीतच छापले जातात. भागभांडवल, राखीव निधी, घसारा, येणे व्याज, बुडीत व संशयित कर्ज निधी, लाभांश हे शब्द सभासदाने वर्षानुवर्षे वाचलेले असतात. याच माणसाने शेअर बाजारातून एखाद्या कंपनीचे शे-दोनशे शेअर घेतले, की त्याच्या हाती शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल येतो. तो मराठीत द्यावा, असे बंधन कंपनी कायद्यात नाही. तरीही काही वेळा कंपनीच्या, भागधारकांच्या गटाच्या किंवा एखाद्या सल्लागाराच्या सांगण्यावरून त्यातली आर्थिक पत्रके मराठीत आणायचे काम निघते.

काम हाती घेणाऱ्याला पहिल्यांदा वाटते, की शब्द तर तयारच आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, सहकारी संस्थांचे अहवाल आहेत, वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या ‘वित्तीय निष्कर्षां’च्या जाहिराती आहेत. पण सहकारातला शब्द कंपनीच्या पत्रकात बसवला, की वाचक तो सहकारातल्याच अर्थाने वाचतो. माझ्या मते या अनुवादातल्या सर्वांत मोठ्या चुका इथेच होतात. अवघड शब्दाला वाचक थबकतो, निदान कोणाला तरी विचारतो. ओळखीच्या शब्दाला तो थबकत नाही.

सगळ्यात ओळखीचा शब्द राखीव निधी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार नफा मिळवणाऱ्या संस्थेला दरवर्षी निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत न्यावा लागतो. पतसंस्थेच्या ताळेबंदात एका बाजूला राखीव निधी दिसतो आणि दुसऱ्या बाजूला बहुधा ‘राखीव निधी गुंतवणूक’ असे वेगळे खाते दिसते. म्हणजे त्या निधीपोटी कुठे तरी खरोखर ठेव असते. सभासदाच्या मनात राखीव निधी म्हणजे बाजूला काढून ठेवलेला पैसा, हे समीकरण त्यामुळे पक्के बसते, आणि त्याच्या संस्थेपुरते ते बऱ्याच अंशी खरेही असते.

आता समजा, पाइप बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. तिचे भागभांडवल १० कोटी रुपये. त्याखाली इंग्रजी पत्रकात रिझर्व्ह्ज म्हणून ४८ कोटी. कर्जे, पुरवठादारांची देणी आणि इतर सगळी देणी मिळून ३७ कोटी. एकूण ९५ कोटी. मालमत्तेच्या बाजूला कारखाना व यंत्रे ५२ कोटी, माल २१ कोटी, ग्राहकांकडून येणे १८ कोटी आणि बँकेतली शिल्लक ४ कोटी. ही बेरीजही ९५ कोटी.

अनुवादात ‘राखीव निधी ४८ कोटी’ असे आले, की लहान भागधारक सभेत हमखास विचारणार: एवढा निधी पडून असताना आम्हाला लाभांश का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे, फक्त त्याला मिळालेला शब्द चुकीचा आहे. हे ४८ कोटी कुठेही ‘ठेवलेले’ नाहीत. मागच्या वर्षांत झालेला आणि वाटून न टाकलेला नफा, शेअर दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने विकले तेव्हा आलेला वरचा पैसा, अशा रकमांची ती बेरीज आहे. तो पैसा केव्हाच यंत्रांत, मालात आणि उधारीत गेला आहे. बँकेत आहेत ते ४ कोटीच. मालक म्हणून भागधारकांचा कंपनीत किती हिस्सा आहे, एवढेच ४८ हा आकडा सांगतो.

म्हणून इथे ‘निधी’ हा शब्द टाळायला हवा. ‘राखून ठेवलेला नफा व इतर भांडवल’ असे शीर्षक लांब वाटते, पण वाचक त्याने फसत नाही. त्याखाली एक टीप द्यावी: ही रक्कम रोख स्वरूपात नाही, रोख व बँक शिल्लक मालमत्तेत वेगळी दाखवली आहे. अनुवादकाची अशी टीप मूळ पत्रकातल्या टिपांपेक्षा वेगळी दिसली पाहिजे, म्हणजे ती कंपनीचे म्हणणे समजली जाणार नाही.

यापेक्षा जास्त गुंता ‘तरतूद’ या शब्दात आहे. अर्थसंकल्पात रस्त्यासाठी तरतूद होते, म्हणजे खर्चायला रक्कम मंजूर होते. घरात लग्नाची तरतूद करतात, म्हणजे पैसे साठवतात. बँकेच्या अहवालात थकीत कर्जांपोटी तरतूद असते. इंग्रजीतल्या प्रोव्हिजनसाठी सर्रास हाच शब्द वापरतात, पण हिशेबात तिथे दोन निराळ्या गोष्टी असतात.

आपल्या पाइप कंपनीचे ग्राहकांकडून खरे येणे २० कोटी आहे. त्यातले २ कोटी वसूल होणार नाहीत असा अंदाज असल्याने ते वजा करून पत्रकात १८ कोटी दाखवले आहेत. हे पैसे कोणी बाजूला काढलेले नाहीत, कोणाला द्यायचेही नाहीत; येणे तेवढे कमी धरले आहे. याला मी ‘न वसूल होण्याच्या शक्यतेपोटी वजावट’ म्हणेन. दुसरीकडे, विकलेल्या पाइपांवर कंपनीने हमी दिली आहे आणि पुढे बदलून द्याव्या लागणाऱ्या मालापोटी १ कोटी रुपये देण्यांत धरले आहेत. ही रक्कम बहुधा द्यावी लागणारच, फक्त नेमकी किती आणि केव्हा हे ठरलेले नाही. ‘हमीपोटी अंदाजित देणे’ म्हटले की बोध होतो. दोन्हींना नुसते ‘तरतूद’ म्हटले, तर कंपनीने ३ कोटी शिलकीत टाकले, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात एका ठिकाणी मालमत्ता घटली आणि दुसऱ्या ठिकाणी देणे वाढले.

इथूनच खरी परीक्षा सुरू होते ती संभाव्य देण्यांची, म्हणजे कंटिंजंट लायबिलिटींची. भारतीय लेखा मानक ३७ मध्ये देण्याच्या शक्यतेच्या तीन पायऱ्या आहेत. पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज करता येत असेल, तर देणे ताळेबंदात धरायचे. शक्यता आहे पण तेवढी नाही, तर ताळेबंदात काही धरायचे नाही, फक्त टिपेत सांगायचे. आणि शक्यता अगदीच दूरची असेल, तर टिपेतही सांगण्याची गरज नाही. इंग्रजीत या पायऱ्यांना प्रॉबेबल, पॉसिबल आणि रिमोट असे तीन शब्द आहेत. मराठीत घाईघाईने पहिल्या दोन्हींना ‘संभाव्य’ म्हटले जाते आणि सगळी टीप निकामी होते.

समजा, पाइप कंपनीवर जीएसटी विभागाने ६ कोटींची मागणी काढली आहे आणि कंपनी अपिलात गेली आहे. वकिलाच्या मते निकाल कंपनीच्या बाजूने लागण्याची शक्यता अधिक आहे. म्हणून ताळेबंदात यापोटी एक रुपयाही नाही. कंपनीचा या वर्षाचा नफा ५ कोटी आहे. म्हणजे वर्षभराच्या नफ्याहून मोठी रक्कम फक्त मागच्या एका टिपेत आहे. ‘विवादित कर, संभाव्य देणी, ६ कोटी’ एवढेच भाषांतर केले तर शब्द बरोबर असूनही वाचकाला काही कळत नाही. मी ती टीप अशी लिहीन: ‘जीएसटी विभागाने ६ कोटी रुपयांची मागणी केली आहे. कंपनीने तिच्याविरुद्ध अपील केले आहे. पैसे द्यावे लागण्याची शक्यता कमी आहे, असे व्यवस्थापनाला वाटते. त्यामुळे ही रक्कम ताळेबंदातल्या देण्यांत धरलेली नाही.’ यात ‘व्यवस्थापनाला वाटते’ हे शब्द अजिबात गाळू नयेत. मूळ इंग्रजीत ते असतातच. मराठीत वाक्य सुटसुटीत करताना ते गळाले, तर व्यवस्थापनाचे मत वस्तुस्थिती म्हणून छापले जाते.

‘संभाव्य देणी’ हे शीर्षक मात्र मी तसेच ठेवीन, कारण सहकारी बँकांच्या अहवालांमुळे ते लोकांच्या ओळखीचे आहे. काही जण ‘आकस्मिक देणी’ लिहितात, ते पटत नाही. अपिलात असलेल्या करात आकस्मिक काही नसते. ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते.

लेखापरीक्षकांच्या अहवालात तर एका शब्दाने अर्थ उलटा होतो. क्वालिफाइड ओपिनियनचे ‘पात्र मत’ असे भाषांतर झाले, की ऑडिटरने कंपनीला शाबासकी दिली असे वाटते. खरे तर एका मुद्द्यावर त्यांना हिशेब मान्य नसतो किंवा पुरेसा पुरावा मिळालेला नसतो. ‘अपवादासह मत’ हे त्याचे बरे मराठी. याच्या पुढे ‘प्रतिकूल मत’ येते, म्हणजे एकूण पत्रकेच खरे चित्र देत नाहीत. आणि पुराव्याअभावी ऑडिटर मत द्यायलाच नकार देतात, ती आणखी वेगळी गोष्ट.

इंग्रजी वाक्यात अपवाद आधी येतो, मग ‘खरे व वाजवी चित्र’ हे शब्द येतात. तेच वाक्य मराठीत एकसंध ठेवले, की ‘वगळता’ मधे कुठे तरी बुडतो आणि शेवटी ‘दर्शवतात’ हे ठाम क्रियापद तेवढे लक्षात राहते. म्हणून वाक्य तोडावे. आधी लिहावे की अमुक मुद्द्यावर लेखापरीक्षकांचा आक्षेप आहे आणि त्याचा नफ्यावर एवढा परिणाम होतो. मग लिहावे की तो मुद्दा सोडून बाकी पत्रके खरे व वाजवी चित्र दाखवतात.

अनुवाद झाला, की तो दुसऱ्या हिशेबनिसाकडून तपासून घेतातच. आकडे जुळतात का, कंसातला आकडा म्हणजे उणे हे सांगितले आहे का, लाख आणि कोटी यांची अदलाबदल झाली नाही ना, हे तोच पाहील. पण मजकूर खरा तपासायचा असेल तर हिशेब न शिकलेल्या एखाद्या भागधारकाला तो द्यावा आणि एकेका रकमेवर बोट ठेवून विचारावे: हा पैसा आज कंपनीकडे आहे का? तो कोणाला द्यायचा आहे का? नक्की द्यायचा आहे की निकालावर अवलंबून आहे? उत्तर चुकले तर ते शीर्षक किंवा ती टीप पुन्हा लिहावी. शिवाय पहिल्याच पानावर ठळक छापावे, की संचालकांनी आणि ऑडिटरनी सह्या केल्या आहेत त्या इंग्रजी पत्रकांवर. मतभेद झाल्यास तीच ग्राह्य.

मराठी प्रत हाती नसली, तरी लहान भागधारकाने स्वस्थ बसू नये. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३६ प्रमाणे आर्थिक पत्रके साधारणपणे वार्षिक सभेच्या किमान २१ दिवस आधी भागधारकाकडे पोचायला हवीत. ऑडिटरनी अपवाद नोंदवला असेल, तर संचालकांना आपल्या अहवालात त्याचा खुलासा करावा लागतो. आणि कंपनीच्या कामकाजावर वाईट परिणाम करणारे ऑडिटरचे शेरे कलम १४५ नुसार सभेत वाचून दाखवावे लागतात. त्या २१ दिवसांत संभाव्य देण्यांची टीप आणि ऑडिटरचे मत ही दोनच ठिकाणे जाणकाराकडून समजून घ्या, आणि सभेत आपला प्रश्न मराठीतून विचारा.