5500-175-9000

पाचव्या वेतन आयोगाच्या काळात केंद्र सरकारी नोकरांच्या वेतनश्रेणी अशा लिहिल्या जात. 5500 रुपये सुरुवातीचं मूळ वेतन, दर वर्षी 175 रुपयांची वाढ आणि 9000 ही कमाल मर्यादा. दहावीच्या पुस्तकातली अंकगणिती श्रेढी ती हीच.

दहाव्या वर्षी मूळ वेतन किती? बरीच मुलं 175 ला 10 ने गुणतात आणि तिथेच चुकतात. पहिल्या वर्षी वाढ मिळालेलीच नसते, म्हणून दहाव्या वर्षापर्यंत वाढी होतात नऊ. 5500 मध्ये 1575 मिळवले की 7075. पदाच्या क्रमांकातून एक वजा का करायचा, हे इतकं साधं आहे. पण सूत्र नुसतं पाठ केलं तर ते निसटतं.

आता उलटा प्रश्न: वेतन 8000 च्या वर कधी जाईल? 2500 ला 175 ने भागलं तर 14 आणि वर थोडं उरतं. म्हणजे 8000 हा आकडा या श्रेणीत येतच नाही. चौदा वाढींनंतर, पंधराव्या वर्षी, वेतन 7950 असतं आणि सोळाव्या वर्षी 8125. उत्तर सोळावं वर्ष.

दहा वर्षांत एकूण किती मिळालं, यासाठी भास्कराचार्यांची 'लीलावती'तली रीत मला फार आवडते. पहिलं आणि शेवटचं पद मिळवून निम्मं करायचं, ते मध्यधन. त्याला पदांच्या संख्येने गुणलं की सर्वधन. 5500 आणि 7075 यांचं मध्यधन 6287.50, दहापट केल्यावर 62,875. इथे थांबू नका. हे आकडे महिन्याचे आहेत, म्हणून 12 ने गुणायचं: 7,54,500 रुपये.

नाट्यगृहातल्या खुर्च्यांनाही हीच रीत लागते. पहिल्या रांगेत 20, पुढे प्रत्येक रांगेत दोन जास्त, एकूण खुर्च्या 510, तर रांगा किती? रांगा n मानल्या तर शेवटच्या रांगेत 20 + 2(n − 1) खुर्च्या, मध्यधन n + 19, म्हणून n(n + 19) = 510. या वर्गसमीकरणाची उत्तरं 15 आणि −34 येतात. उणे रांगा नसतात, तेव्हा 15. पडताळा घ्या: पंधराव्या रांगेत 48 खुर्च्या, मध्यधन 34, आणि 34 गुणिले 15 बरोबर 510.

श्रेढीला शेवटही असतो, तो विसरायचा नाही. 5500 ते 9000 हे अंतर वीस वाढींत संपतं, म्हणून एकविसाव्या वर्षी वेतन 9000 होतं. सूत्र बाविसाव्या वर्षासाठी 9175 सांगेल, पण या श्रेणीत ते पदच नाही.

सहाव्या आयोगाने ठरावीक रकमेऐवजी 3 टक्के वाढ आणली. 5500 वर 3 टक्के म्हणजे पहिल्या वर्षी 165 आणि पुढच्या वर्षी 5665 वर जवळपास 170. लागोपाठच्या पदांची वजाबाकी वेगळी येऊ लागली, की अंकगणिती श्रेढीचं सूत्र तिथे चालत नाही.