‘नको’ म्हणण्याचा सराव घरातच

तीन-चार वर्षांच्या मुलाला शरीराच्या सुरक्षिततेविषयी सांगायला आंघोळीची वेळ सगळ्यांत सोयीची. साबण लावताना हात, पोट, गुडघा अशी नावं घ्यायची आणि त्याच सुरात लिंग, योनी, ढुंगण हेही शब्द उच्चारायचे. फक्त घरातलं लाडाचं नाव माहीत असलेलं मूल बालवाडीतल्या ताईंना काही सांगू गेलं, तर त्यांना कळणार कसं? सोबत एक नियम सांगायचा: ‘चड्डीच्या आतली जागा फक्त तुझी. धुवायला आई-बाबा मदत करतील, दुखलं तर डॉक्टर आमच्यासमोर बघतील. बाकी कुणी हात लावायचा नाही आणि तुलाही कुणी त्यांच्या तिथे हात लावायला सांगायचं नाही.’ इथे बागुलबुवा आणू नये. घाबरलेलं मूल सावध होत नाही, गप्प होतं.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ ही जोडी शाळांमधून रुळली आहे, पण या वयात ती गोंधळात टाकते. इंजेक्शन दुखतं, तरी ते वाईट नसतं. गैरस्पर्श गुदगुल्यांच्या खेळातूनही सुरू होऊ शकतो आणि मूल तेव्हा हसतही असतं. मुलाला स्वतःला कसं वाटलं यावर सगळं सोडण्यापेक्षा वरचा साधा नियम पक्का करावा.

खरी परीक्षा घरी पाहुणे आल्यावर होते. समजा, मामा पापी मागतोय आणि मुलगी आईच्या मागे लपलीय. आपण पटकन म्हणतो, ‘दे गं, मामाला वाईट वाटेल.’ मोठ्यांचं मन राखण्यासाठी अंग पुढे करायचं असतं, हेच ती त्यातून शिकते. त्याऐवजी आईने म्हणावं, ‘तिला आत्ता नकोय. टाळी देतेस का मामाला?’ मामाने हसून टाळी घेतली की ‘नको’ म्हटल्यावर प्रेम कमी होत नाही, हे तिला उमगतं. लैंगिक शोषणाच्या बहुतेक प्रकरणांत शोषण करणारी व्यक्ती ओळखीचीच असते. म्हणून हा सराव ओळखीच्या माणसांतच व्हायला हवा, नुसतं ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ सांगून भागत नाही.

गुपितांचंही तसंच. बाबांच्या वाढदिवसाचा केक लपवला तर तो संध्याकाळी सगळ्यांना कळतोच. पण ‘आईला कधीच सांगू नकोस’ असं कुणी म्हटलं, तर ते आईला सांगायचंच.

तरीही चिमुरड्या जिवाला दर वेळी ‘नको’ म्हणता येईलच असं नाही. भीतीने मूल थिजूनही जातं. राखणीची जबाबदारी मोठ्यांचीच. मुलाने काही सांगितलं तर चेहरा शांत ठेवा, ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझं काही चुकलं नाही’ एवढं म्हणा. ‘काकानेच केलं ना?’ असं उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन मोफत आहे. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असू नये, असंही हाच कायदा सांगतो.