मेहेर आधी, वाटा नंतर

जेरुसलेमच्या हरम अल-शरीफ परिसरातील संग्रहालयात 1970च्या दशकात जवळपास नऊशे जुने अरबी कागद सापडले. त्यांतले बरेचसे चौदाव्या शतकाच्या अखेरचे, मामलूक राजवटीतले. मृतांच्या मालमत्तेच्या याद्या, दाव्यांच्या नोंदी आणि काझीला लिहिलेले अर्ज त्यांत आहेत. विधवेने मेहेर आणि वारशाचा हिस्सा मागण्याचा अर्ज समजून घ्यायचा, तर ह्या काळाच्या अर्जांचा ठरलेला साचा आधी पाहावा लागतो.

कागदाच्या माथ्यावर अल्लाहचे नाव आणि अर्जदाराची ओळख असते. स्त्री स्वतःला ‘दासी’ म्हणवते, ‘जमिनीचे चुंबन घेऊन निवेदन करते’ असे लिहून हकिकतीला हात घालते, मग मागणी मांडते आणि ईशस्तुतीने शेवट करते. हे वाकणे वाचून ती दयेची याचना करते आहे असे वाटेल. पण मधला मजकूर हक्काचा असतो, आणि त्यात दोन वेगळे हक्क असतात.

मेहेर, म्हणजे अरबीतला ‘सदाक’, निकाहाच्या करारात ठरलेली रक्कम. त्यातली काही लगेच मिळे, उरलेली पुढे, बहुधा वर्षाच्या हप्त्यांनी, देण्याचे ठरे. नवरा वारला की थकलेली रक्कम त्याच्यावरचे कर्ज ठरते. दफनाचा खर्च वजा होताच इतर देण्यांच्या बरोबरीने ती फेडावी लागते. त्यानंतर मृत्युपत्रातील देणग्या, त्याही एक तृतीयांशाच्या मर्यादेत, आणि शेवटी वारसांची वाटणी. मूल असेल तर विधवेला एक अष्टमांश, नसेल तर एक चतुर्थांश. दोन-तीन विधवा असल्या तरी त्याच हिश्शात सगळ्यांनी वाटून घ्यायचे.

समजा, नवऱ्यामागे 1800 दिरहम आणि मुले उरली. दफनाला 100 गेले, 500 मेहेर थकले आहे, दुसरे कर्ज वा मृत्युपत्र नाही. उरलेल्या 1200 चा आठवा भाग 150. म्हणजे तिला मिळायला हवेत 650. वारसांनी मेहेर गाळून थेट 1700 ची वाटणी केली, तर तिच्या पदरात साडेसहाशे दूर राहिले, 212.5 दिरहमच पडतात. म्हणूनच अर्जात मेहेर आधी आणि वेगळे मागणे महत्त्वाचे.

खरी अडचण पुराव्याची. ‘त्याने जिवंतपणीच मेहेर फेडले’ किंवा ‘तिने माफ केले’ असे वारस म्हणू शकतात, आणि उत्तर द्यायला नवरा हयात नसतो. म्हणून निकाहाचा कागद आणि साक्षीदार पुरत नाहीत. रक्कम मिळालेली नाही आणि आपण ती सोडलेलीही नाही, अशी शपथ विधवेला घ्यावी लागते. मेहेर सिद्ध झाले, पण मालमत्ता सगळ्या कर्जांना पुरत नसेल, तर सावकारांसोबत तिलाही प्रमाणातच मिळते, आणि वारशाचा हिस्सा शून्यावर येतो.

‘अर्ज’ आणि ‘वारस’ हे दोन्ही शब्द मराठीत अरबीतूनच, फारसीच्या वाटेने आले.