आकड्यांवरून नकाशा

सहा गावांना एकच प्रश्न विचारला: तुमच्या गावातून इतर गावांना जाणारे थेट रस्ते किती? उत्तरं आली ४, ३, ३, २, २, २. नकाशा हाताशी नाही. असा नकाशा खरंच असू शकतो का? अट एवढीच, की दोन गावांमध्ये फार तर एकच थेट रस्ता असावा आणि कोणताही रस्ता निघाल्या गावीच परत येऊ नये. गणितात अशा नकाशाला साधा आलेख म्हणतात आणि गावाच्या रस्त्यांच्या संख्येला त्याची डिग्री.

पहिली तपासणी सोपी. प्रत्येक रस्ता दोन्ही टोकांच्या गावांत मोजला जातो, म्हणून बेरीज सम हवी. इथे ती १६ आहे. गावं सहा, म्हणून कोणाचाही आकडा ५ च्या वर जाता कामा नये. तेही ठीक. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. ५, ५, ४, २, २, २ ही यादी पाहा. बेरीज २०, सर्वांत मोठा आकडा ५; दोन्ही अटी पाळल्या जातात, तरी असा नकाशा नाही.

हे ओळखायची रीत चेक गणिती व्हाक्लाव हावेल यांनी १९५५ मध्ये मांडली. (नाटककार राष्ट्राध्यक्ष हावेल वेगळे.) एस. एल. हकीमी स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. त्यांचा लेख १९६२ चा. म्हणून रीतीला दोघांचं नाव आहे. आकडे उतरत्या क्रमाने लावायचे. पहिला आकडा खोडायचा आणि तो जेवढा असेल तेवढ्या पुढच्या आकड्यांतून एकेक वजा करायचा. यादी पुन्हा उतरत्या क्रमाने लावायची आणि हेच करत राहायचं. शेवटी सगळी शून्यं उरली तर नकाशा आहे. मध्येच शून्यातून वजा करायची वेळ आली, किंवा वजा करायला आकडेच पुरले नाहीत, तर नाही.

आपल्या यादीतला ४ खोडला. पुढच्या चार आकड्यांतून एकेक गेला: २, २, १, १, शेवटचा २ तसाच. क्रम लावून २, २, २, १, १. आता २ खोडला, पुढचे दोन घटले: १, १, १, १. एक १ खोडला की क्रम लावून १, १, ० उरतात. पुढच्या पायरीला ०, ०. नकाशा आहे. तो काढायचा असेल तर याच पायऱ्या उलट चढायच्या: खोडलेलं गाव परत आणायचं आणि ज्यांचा आकडा घटवला होता त्यांना जोडायचं.

आता ती दुसरी यादी. पहिला ५ काढल्यावर ४, ३, १, १, १. मग ४ काढल्यावर २, ०, ०, ०. इथे दोन रस्ते हवे असलेल्या गावाला रस्ता घेणारं कोणीच उरलं नाही.

चूक बहुधा क्रम पुन्हा लावायला विसरल्याने होते. पहिल्या यादीत ४ खोडल्यावर २, २, १, १, २ उरले होते. तसंच पुढे गेलं तर १, ०, १, २ येतात, आणि पुढच्याच पायरीला शून्यातून वजा करावं लागतं. असलेला नकाशा ‘नाही’ ठरतो.

पण मोठ्या गावाचे रस्ते सर्वांत मोठ्या आकड्यांच्या गावांनाच का जोडायचे? खऱ्या नकाशात ते वेगळीकडे गेले असतील तर? समजा, मोठं गाव म कमी आकड्याच्या ल ला जोडलेलं आहे, पण ल पेक्षा कमी नसलेल्या ब ला नाही. ब चे रस्ते ल इतके तरी आहेत, आणि ल चा एक रस्ता म कडे गेला आहे, जो ब ला नाही. म्हणजे ब ला जोडलेलं एखादं गाव क असं असणारच, की जे ल ला जोडलेलं नाही. आता म-ल आणि ब-क हे रस्ते पुसायचे. म-ब आणि ल-क आखायचे. चारही गावांचे आकडे जसेच्या तसे राहतात. अशी अदलाबदल करत म चे सगळे रस्ते मोठ्या आकड्यांकडे वळवता येतात. म्हणून नकाशा असेल तर तसाही असतोच. खोडाखोड इथूनच विश्वासार्ह होते.

या रीतीने एक नकाशा मिळतो. तो एकमेव असेल किंवा सलग असेल, याची हमी नाही. सहाही गावांचा आकडा २ असेल तर एकमेकांपासून तुटलेले दोन त्रिकोण हाती येऊ शकतात. सहा गावांचं एकच कडं हवं असेल तर क्रम फिरवायचा: दर वेळी सर्वांत लहान आकडा खोडायचा, पण त्याचे रस्ते उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यांनाच द्यायचे. वरचा अदलाबदलीचा युक्तिवाद कोणतंही गाव खोडलं तरी लागू पडतो, त्यामुळे निकाल बदलत नाही, आणि तीच सहा गावं एका कड्यात येतात.