सोळा वाटा, चार तारा

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ७४१५३ क्रमांकाची आयसी हमखास भेटते. सोळा पायांचा हा काळा तुकडा म्हणजे एका डबीत बसवलेले दोन मल्टिप्लेक्सर. मल्टिप्लेक्सरचं काम ऐकायला अगदी सोपं आहे: आत येणाऱ्या अनेक तारांपैकी एक निवडायची आणि तिच्यावर ० असेल तर ०, १ असेल तर १ बाहेरच्या एकाच तारेवर द्यायचं. कुठली तार निवडायची हे सिलेक्ट लाइन ठरवतात. चार इनपुट असतील तर दोन सिलेक्ट लाइन पुरतात, कारण दोन तारांवर ००, ०१, १० आणि ११ अशा चारच जोड्या होतात.

आता समजा सोळा इनपुट आहेत आणि हाताशी फक्त चार इनपुटवाले मल्टिप्लेक्सर आहेत. सोळा इनपुटची तयार आयसीही मिळते. ७४१५० ही ती, चोवीस पायांची, आणि तिचं आउटपुट उलटं येतं. पण लहान तुकडे जोडून मोठा कसा होतो, हे पाहण्यातच खरी गंमत आहे.

तुकडे किती लागतील? चार इनपुटचा प्रत्येक मल्टिप्लेक्सर चार तारा घेतो आणि एक देतो, म्हणजे तीन तारा कमी करतो. सोळाची एक करायची तर पंधरा कमी व्हायला हव्यात. पंधरा भागिले तीन, पाच. पहिल्या रांगेत चार मल्टिप्लेक्सर प्रत्येकी चार इनपुट सांभाळतात, आणि त्यांची चार आउटपुटं दुसऱ्या पातळीवरच्या पाचव्यात जातात. झाडाची ही रचना कागदावर कुणीही काढेल.

अडतं ते सिलेक्ट लाइनपाशी. पाच मल्टिप्लेक्सर, प्रत्येकाला दोन, म्हणजे दहा तारा झाल्या. पण सोळांपैकी एक निवडायला चारच पुरायला हव्यात. या दहाच्या चार होतात कशा?

पहिल्या रांगेतल्या चारही मल्टिप्लेक्सरना त्याच दोन तारा द्यायच्या. मग चौघेही आपापल्या गटातला एकाच क्रमांकाचा इनपुट निवडतात. ‘तुमच्यातला तिसरा पुढे करा’ असं सांगितलं, की चारही गटांतून तिसरा पुढे येतो. त्यांतला एकच हवा असतो, बाकीचे तीन निष्कारण आलेले असतात. पण त्यांनी काही बिघडत नाही. पाचवा मल्टिप्लेक्सर आपल्या स्वतंत्र दोन तारांच्या आधारे एकच गट उचलतो आणि उरलेल्या तिघांकडे पाहतही नाही. वाया जाणारी निवड इथे फुकट असते, म्हणूनच तारा वाटून घेणं परवडतं.

हे सगळं म्हणजे शाळेतला चारने केलेला भागाकार आहे. चार सिलेक्ट लाइनना एस३, एस२, एस१, एस० म्हणू आणि इनपुटचे क्रमांक ० ते १५ धरू. अकरावा इनपुट हवा असेल तर तारांवर १०११ द्यायचं. ११ ला ४ ने भागलं तर भागाकार २, बाकी ३. शेवटचे दोन अंक ११, म्हणजे तीन: ही बाकी. ती पहिल्या रांगेला जाते, आणि तिथून ३, ७, ११ आणि १५ क्रमांकाचे इनपुट पुढे येतात. पहिले दोन अंक १०, म्हणजे दोन: हा भागाकार. गट शून्यापासून मोजले तर दोन नंबरच्या गटाने पुढे केलेला इनपुट अकरावाच आहे.

ब्रेडबोर्डवर मात्र ७४१५३ ची एक खोड आडवी येते. तिच्या पोटातल्या दोन मल्टिप्लेक्सरना सिलेक्ट लाइन सामाईकच आहेत, १४ आणि २ क्रमांकाच्या पायांवर. पहिल्या रांगेसाठी हे वरदानच: दोन आयसीत चार मल्टिप्लेक्सर मिळतात आणि तारा जोडणंही अर्ध्यावर येतं. पण पाचव्याला वेगळ्या सिलेक्ट लाइन हव्यात, त्यामुळे तो या दोन आयसीत बसूच शकत नाही. तिसरी आयसी घ्यावी लागते आणि तिचा अर्धा भाग रिकामा राहतो. शिवाय प्रत्येक मल्टिप्लेक्सरला चालू-बंद करणारा एक पाय असतो, १ आणि १५ क्रमांकाचा. तो ग्राउंडला जोडला तरच मल्टिप्लेक्सर चालतो. टीटीएल आयसीत हा पाय मोकळा सोडला तर तो स्वतःला १ समजतो, आणि आउटपुट शून्यावरून हलतच नाही. तार तुटली असावी असं समजून बराच वेळ भलतीकडे शोध चालतो.

याहून फसवी चूक म्हणजे सिलेक्टच्या जोड्यांची अदलाबदल. एस३ आणि एस२ पहिल्या रांगेला गेल्या, एस१ आणि एस० पाचव्याला, तर भागाकार आणि बाकीच्या जागा बदलतात. १०११ दिल्यावर अकराऐवजी चौदावा इनपुट बाहेर येतो. गंमत अशी की ०, ५, १० आणि १५ या चार क्रमांकांवर मंडळ बिनचूक चालतं, कारण त्यांचा भागाकार आणि बाकी एकच आहेत. घाईत पहिला आणि शेवटचा इनपुट तपासून ‘झालं, सर’ म्हणणाऱ्याला ही चूक दिसणारच नाही.

आणखी एक चूक आहे: पहिल्या रांगेत १४ आणि २ क्रमांकाच्या पायांवरच्या तारा एकमेकींच्या जागी लावणं. मग प्रत्येक गटातला मधल्या दोन इनपुटांचा क्रम उलटतो. नववा मागितला तर दहावा मिळतो, पण आठवा आणि अकरावा ठीक येतात. म्हणूनच एकाच इनपुटवर १ ठेवून, बाकी सगळ्यांवर ० देऊन, सिलेक्टच्या सोळाही जोड्या फिरवून पाहायच्या. दिवा कुठल्या जोडीवर लागतो यावरून कुठली तार चुकली हे कळतं. मग तो १ दुसऱ्या इनपुटवर न्यायचा आणि पुन्हा तेच.

झाडाची एक मर्यादा मात्र जोडणी बरोबर असूनही राहते. एस१ आणि एस० चा परिणाम दोन पातळ्या ओलांडून आउटपुटला पोचतो, एस३ आणि एस२ चा एकच पातळी ओलांडून. सात क्रमांकावरून आठवर जाताना ०१११ चं १००० होतं, म्हणजे चारही तारा एकदम बदलतात. वरच्या दोन तारांचा बदल आधी लागू होतो, खालच्या दोघींची जुनीच निवड अजून पुढे आलेली असते. त्या काही नॅनोसेकंदांत मंडळ १०११ असं समजतं आणि अकरावा इनपुट डोकावून जातो. सात आणि आठवर ०, अकरावर १ असेल, तर आउटपुटवर एक बारीक टोक उमटतं. डोळ्याला दिव्यावर ते दिसत नाही, पण आउटपुट एखाद्या काउंटरला जोडलं असेल तर तो नको तो एक मोजून बसू शकतो. त्यावर इलाज असा, की सिलेक्ट बदलल्यावर आउटपुट लगेच वाचायचं नाही. ते स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि क्लॉकच्या ठोक्यावरच उचलायचं.

हीच रचना आजच्या एफपीजीए चिपांतही दिसते, फक्त तिथला माल तयार असतो. झायलिंक्सच्या सेव्हन सिरीजमध्ये प्रत्येक लुकअप टेबलला सहा इनपुट असतात: चार डेटा, दोन सिलेक्ट. म्हणजे एक टेबल म्हणजे चार इनपुटचा एक मल्टिप्लेक्सर. एका स्लाइसमध्ये अशी चार टेबलं असतात, पण पाचवं टेबल खर्च करावं लागत नाही. स्लाइसमध्येच दोन इनपुटचे तीन छोटे मल्टिप्लेक्सर कायमचे बसवलेले असतात. पहिले दोन एका सिलेक्ट लाइनवर चालतात आणि चार टेबलांची दोन आउटपुटं करतात. तिसरा शेवटच्या लाइनवर त्यांतून एक निवडतो. चारही टेबलांना सिलेक्टची तीच जोडी मिळते, आणि सोळा इनपुटचा पूर्ण मल्टिप्लेक्सर एका स्लाइसमध्ये मावतो.