सिझरनंतर डिंकाचा लाडू: किती, कधी आणि कशासोबत

प्रसूतिगृहात भेटीची वेळ झाली की पिशव्यांमधून स्टीलचे डबे निघू लागतात. एकात मऊ खिचडी, दुसऱ्यात अळिवाची खीर आणि तिसऱ्यात, झाकण गच्च बसवलेल्या डब्यात, डिंकाचे लाडू. बाळंतीण सिझरची असली तरी डबा तोच असतो. महाराष्ट्रात आता साधारण चारपैकी एक बाळंतपण शस्त्रक्रियेने होतं. लाडवाची कृती मात्र पोटावर टाके नसलेल्या आणि सव्वा महिन्यानंतर पुन्हा शेतावर, जात्यावर, विहिरीवर जाणाऱ्या बाईसाठी बसवलेली आहे.

म्हणून लाडू टाकाऊ ठरत नाही. त्यात नेमकं काय आहे, एवढं मात्र पाहावं लागतं, आणि त्यासाठी घरचाच एक घाणा मोजलेला बरा.

समजा चारशे ग्राम गूळ, अडीचशे ग्राम खारकेची पूड, तेवढंच किसून भाजलेलं सुकं खोबरं, दोनशे ग्राम तूप, शंभर ग्राम डिंक, शंभर ग्राम बदाम, पन्नास ग्राम खसखस आणि वीस ग्राम सुंठ घेतली. वर चवीपुरतं जायफळ-वेलदोडा. सगळं मिळून पावणेचौदाशे ग्रामच्या आसपास भरतं आणि मध्यम आकाराचे तीस लाडू होतात. एका लाडवात मग सुमारे २२० कॅलरी येतात. चौदा ग्रामच्या आसपास स्निग्धांश येतो, मुख्यतः तूप आणि खोबऱ्यातून. गुळातून आलेली साखर अकरा-बारा ग्राम असते, म्हणजे साधारण अडीच चमचे, आणि खारकेची स्वतःची पाच-एक ग्राम वेगळी. प्रथिनं जेमतेम दोन ग्राम.

या आकड्यांतच लाडवाची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्राम प्रथिनं जास्तीची लागतात. तीन लाडू खाल्ले की जास्तीच्या कॅलरींचा हिशेब तिथेच संपतो, पण प्रथिनं पाच-सहा ग्रामवरच अडतात. टाके पडलेल्या बाईला नेमकी त्याचीच निकड असते, कारण जखम भरताना नवी ऊती प्रथिनांपासून तयार होते. तीन लाडवांनी पोट भरलं आणि त्यापायी वरण, अंडं किंवा मासळी ताटात राहिली, तर त्या लाडवांनी जखमेला मदत केली असं म्हणता येणार नाही.

डिंकाबद्दल घरोघरी सांगितलं जातं की तो हाडं भरून काढतो. वरील घाण्यात एका लाडवाच्या वाट्याला खसखस, बदाम, गूळ आणि डिंक मिळून येणारं कॅल्शियम पेलाभर दुधाच्या फार तर पावपट असतं. डिंक हा बाभूळ, धावडा अशा झाडांचा सुकलेला चीक. त्याचा मोठा भाग लहान आतड्यात पचतच नाही. तो तसाच पुढे जातो आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर गुजराण करतात. म्हणजे डिंक हा मुख्यतः तंतू आहे. शौच मऊ राहायला त्याची मदत होते, मात्र पोटात पुरेसं पाणी गेलं तरच.

इथे आणखी एक जुनी चाल आडवी येते. ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, पोट सुटतं’ हे अजूनही अनेक घरांत ऐकवलं जातं. सिझरनंतर बद्धकोष्ठाला आधीच पुरेशी कारणं असतात. वेदनाशामकं, लोहाच्या गोळ्या आणि पडून राहणं ही त्यातली काही, शिवाय कुंथलं तर टाके उसवतील ही भीती. त्यात पाणी तोडायचं आणि वर तूप-डिंकाचे दोन लाडू द्यायचे, मग चौथ्या दिवशी पोट दगडासारखं का झालं याची चर्चा करायची, हा प्रकार टाळता येण्यासारखा आहे. तहानेप्रमाणे पाणी प्यावं आणि दर वेळी पाजायला बसताना एक पेला जवळ ठेवावा.

डिंक तळण्यातही एक खुबी आहे. ऊन दाखवलेला डिंक मध्यम आचेवर, थोडा थोडा टाकून तळला की आतपर्यंत फुलतो. तूप फार तापलेलं असेल तर वरून फुलून आत खडा राहतो. एक दाणा बोटांत चुरडून पाहावा. त्याचं पीठ झालं पाहिजे. कच्चा राहिलेला डिंक दातांना चिकटतो आणि नाजूक पोटाला जड जातो. खोबऱ्याला खवट वास येत असेल तर तो घाणा बाळंतिणीसाठी वापरू नये.

सुंठीचं म्हणाल तर दूध वाढवण्याच्या तिच्या कीर्तीची थोडी तपासणी झालेली आहे. थायलंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायकांना रोज एक ग्राम आल्याची पूड कॅप्सूलमधून दिली. तिसऱ्या दिवशी त्यांचं दूध इतरांपेक्षा जास्त भरलं, पण सातव्या दिवशी फरक उरला नाही. आपल्या घाण्यातल्या दीड लाडवात तेवढी सुंठ येते. चाचणी लहान होती आणि त्यात सिझरच्या बायका नव्हत्या, त्यामुळे सुंठीला याहून मोठं श्रेय देणं घाईचं ठरेल. दूध उतरतं ते वार पडल्यावर शरीरातली संप्रेरकं बदलतात म्हणून, आणि टिकतं ते बाळ वारंवार ओढतं म्हणून. सिझरनंतर ते कधी कधी एखादा दिवस उशिरा उतरतं. अशा वेळी लाडू वाढवण्यापेक्षा बाळाला लवकर आणि वारंवार छातीशी धरणं जास्त उपयोगी पडतं. कुशीवर झोपून पाजलं तर टाक्यांवर भारही येत नाही.

स्वयंपाकात पडते तेवढ्या सुंठीची भीती नाही. चमचा चमचा सुंठ घातलेले काढे मात्र आम्लपित्त वाढवतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून सिझरनंतर काही जणींना रक्त पातळ करणारी इंजेक्शनं देतात. अशा बाईने सुंठीचा काढा, चूर्ण किंवा आयुर्वेदिक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

ओव्याचं काम पोटातल्या वाऱ्याशी जोडलेलं आहे. ओवा, बाळंतशोपा, तीळ आणि सुकं खोबरं भाजून केलेली सुपारी जेवणानंतर चघळायला देण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. ओव्याचा तिखट वास थायमॉलचा. त्याने पोटाला थोडं हलकं वाटतं, एवढा अनुभव सार्वत्रिक आहे. गंमत म्हणजे सिझरनंतर नुसतं चघळण्यालाही अर्थ आहे. कोक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात असं दिसलं की शस्त्रक्रियेनंतर च्युइंगगम चघळणाऱ्या बायकांचं वारं लवकर सरलं. चघळताना आतड्यांना जेवण सुरू झाल्याचा इशारा मिळतो. ओव्याच्या सुपारीवर असा प्रयोग झालेला नसला तरी दिवसात दोन-तीनदा चिमूट चिमूट चघळायला हरकत नाही. ओव्याचा अर्क पिणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. अर्कात थायमॉल कितीतरी पट दाट असतं आणि त्याने घसा व जठर पोळतं.

मग लाडू सुरू कधी करायचा? शस्त्रक्रियेनंतर आतडी काही काळ मंदावतात. तूप-खोबऱ्यासारखे स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून पहिल्या दिवशीचा लाडू बहुधा मळमळ घेऊन येतो. पाणी, पेज, मऊ भात-वरण हा क्रम डॉक्टर सांगतील तसा पुढे न्यावा. वारं सरलं, भूक लागली, शौचाला साफ झालं की अर्ध्या लाडवाने सुरुवात करावी. बऱ्याच जणींच्या बाबतीत हा चौथा-पाचवा दिवस असतो. पुढे दिवसाला एक, फार तर दोन लाडू पुरतात, तेही जेवणाऐवजी न खाता मधल्या वेळी, दुधासोबत. पोट फुगून कडक झालं, वारं अडलं आणि उलट्या होऊ लागल्या तर ओव्याचं पाणी पाजत घरी वेळ काढू नये. आतड्यांची हालचाल थांबल्याची ती खूण असू शकते. तसंच ताप, जखमेतून पू किंवा जखमेभोवती वाढती लाली दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावं.

‘तुपाने टाके पिकतात’, ‘आंबटाने टाके पिकतात’ असंही बजावलं जातं. टाके जंतूंमुळे पिकतात. या समजापायी कितीतरी घरांत लाडू चालू राहतात आणि लिंबू, पेरू, डाळ बंद होतात. जखम भरायला लागणारं क जीवनसत्त्व लिंबू आणि पेरूतच असतं.

राहिला गूळ. साखरेऐवजी गूळ घातला की लाडू ‘चालतो’, हा समज गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांना महागात पडतो. गुळाचा फार मोठा भाग साखरच असते आणि तो रक्तातली साखर झपाट्याने चढवतो. त्यात लोह असतं, पण एका लाडवातल्या गुळात ते अर्धा-पाऊण मिलिग्राम भरेल. पाजणाऱ्या आईची रोजची गरज २३ मिलिग्रामच्या घरात आहे. जागतिक आरोग्य संघटना २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर पन्नास ग्रामच्या आत, शक्यतो पंचवीसच्या आत ठेवायला सांगते. दोन लाडू, एक वाटी खीर आणि तीन कप गोड चहा झाला की पंचवीसचा आकडा दुपारीच मागे पडतो. शिवाय रक्तातली साखर चढी राहिली तर जखमेत जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. मधुमेहाची बाई आणि सिझरचे टाके असा योग असेल तर लाडवाकडे दुप्पट लक्ष द्यावं.

अशा बाईसाठी गूळ पूर्ण वगळून खारीक, बदाम, खोबरं आणि भाजलेल्या डाळ्याचं पीठ तुपात वळता येतं. खारकेची साखर त्यातही आहेच, म्हणून लाडू लहान आणि दिवसाला एकच. खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा पाहिला तर तो तिला मानवतो की नाही हे घरीच कळतं. विकतच्या लाडवांच्या वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. यादी साखर, गूळ किंवा वनस्पती तुपाने सुरू होत असेल तर नावातला डिंक चवीपुरताच आहे असं समजावं.

गरोदरपणात मधुमेह निघाला होता त्या प्रत्येकीने बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी ७५ ग्राम ग्लुकोज पिऊन करायची रक्तचाचणी चुकवू नये. बाळाच्या लसीची फेरी त्याच सुमारास येते, तेव्हा आईची ही तपासणीही त्याच दिवशी करून घ्यावी.